चिऱ्याची भिंत, उतरता स्लॅब आणि मॉडेलमधला आकडा

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात आज बांधल्या जाणाऱ्या घराचा साचा साधारण ठरलेला आहे. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, आतून गिलावा, बाहेरून बहुधा नुसत्या दरजा भरलेल्या. वर काँक्रीटचा उतरता स्लॅब आणि त्यावर मंगलोरी कौले. असे घर आता आर्किटेक्टच्या कार्यालयात दोन रेषांच्या नकाशावर न काढता रेव्हिट किंवा आर्किकॅडमध्ये मॉडेल म्हणून उभे राहते. या मॉडेलला बीआयएम म्हणतात. त्यात भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते, दाराला आपण कोणत्या भिंतीत बसलो आहोत हे ठाऊक असते आणि प्रत्येक घटकाची लांबी, जाडी, क्षेत्रफळ, घनफळ आपोआप मोजले जाते. मग अंदाजपत्रकासाठी पुन्हा पट्टी लावायची गरज काय, असा प्रश्न मालकाला पडतो आणि तो रास्तच आहे.

महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण नागपूर मेट्रोचे. तिथे पाच-मितीय बीआयएम वापरले गेले. तीन मिती आकाराच्या, चौथी वेळेची आणि पाचवी खर्चाची. पण तिथे मॉडेल बांधतानाच प्रत्येक घटकाला खर्चाचा संकेतांक द्यायची शिस्त होती. मालवणच्या दुमजली होमस्टेचे मॉडेल बहुतेक वेळा परवानगीचे नकाशे आणि मालकाला दाखवायची चित्रे यांसाठी बनते. त्यातून आकडे निघतात, पण ते आकारमानाचे असतात. अंदाजपत्रकाला लागणारे आकडे मोजमापाच्या नियमांनी बनतात. या दोहोंतले अंतर भिंत, स्लॅब आणि दार यांच्या बाबतीत वेगवेगळे आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा घोटाळा भिंतीत होतो. म्हणून भिंतीपाशी जास्त थांबू.

आकडे बाहेर काढायचे मार्ग थोडे आहेत. पहिला म्हणजे सॉफ्टवेअरमधलाच तक्ता, रेव्हिटमध्ये ज्याला शेड्यूल म्हणतात. त्यात भिंतींचा प्रकार, लांबी, क्षेत्रफळ, घनफळ यांचे रकाने मांडून ते एक्सेलमध्ये न्यायचे. मटेरियल टेकऑफ हा त्याचाच भाऊ. भिंतीत चिरा, गिलावा, रंग असे थर दिले असतील तर तो थरागणिक आकडा देतो. दुसरा मार्ग आयएफसी फाइलचा. ही आयएसओ १६७३९ या मानकाखालची सर्वांना वाचता येणारी फाइल आहे. आर्किटेक्टकडे एक सॉफ्टवेअर, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे दुसरे आणि अंदाजपत्रक करणाऱ्याकडे कोणतेच नसेल, तर हाच मार्ग उरतो. तिसरा मार्ग कॉस्टएक्ससारख्या खास अंदाजपत्रकी सॉफ्टवेअरचा. तो जिल्ह्यातल्या लहान कार्यालयाला परवडेल असे नाही, म्हणून त्याचा विस्तार इथे करत नाही.

आयएफसीत भिंतीची मोजमापे `Qto_WallBaseQuantities` या संचात असतात. त्यात `GrossSideArea` म्हणजे दारे-खिडक्या न वगळता आलेले एका बाजूचे क्षेत्रफळ आणि `NetSideArea` म्हणजे वगळून आलेले. फाइल तयार करताना मोजमापे निर्यात करायचा पर्याय निवडला नसेल, तर हा संच रिकामाच येतो. इफ्कओपनशेल या मोफत पायथन लायब्ररीने ते लगेच पाहता येते:

```python
import ifcopenshell
import ifcopenshell.util.element as ue

model = ifcopenshell.open("ghar.ifc")
for w in model.by_type("IfcWall"):
    q = ue.get_psets(w, qtos_only=True).get("Qto_WallBaseQuantities", {})
    print(w.GlobalId, w.Name, q.get("GrossSideArea"),
          q.get("NetSideArea"), len(w.HasOpenings))
```

शेवटचा आकडा त्या भिंतीतल्या पोकळ्यांचा. भिंतीत दोन खिडक्या दिसत असून इथे शून्य आले, तर खिडक्या भिंतीत बसवलेल्या नाहीत, नुसत्या तिच्यापुढे ठेवलेल्या आहेत आणि वजावट झालेली नाही असे समजावे. क्षेत्रफळाच्या जागी `None` आले तर फाइल परत मागवावी. हाताने भर घालत बसू नये.

आता एक भिंत घेऊ. लांबी ५.०० मीटर, जाडी ०.२३ मीटर, जोत्यापासून स्लॅबच्या खालच्या अंगापर्यंत उंची ३.०० मीटर, स्लॅब १२५ मिलिमीटर. हिशेब सोपा राहावा म्हणून इथे स्लॅब सपाट धरला आहे. भिंतीत १.०० बाय २.१० मीटरचे एक दार, १.२० बाय १.२० ची एक खिडकी आणि ०.६० बाय ०.४५ चा एक झरोका. तिन्ही पोकळ्या मिळून २.१० अधिक १.४४ अधिक ०.२७, म्हणजे ३.८१ चौरस मीटर.

मॉडेल बनवणाऱ्याने भिंतीची उंची 'वरच्या मजल्यापर्यंत' अशी दिलेली असते आणि मजल्याची पातळी स्लॅबच्या वरच्या अंगाला असते. म्हणजे भिंत स्लॅबच्या पोटात शिरते. भिंत आणि स्लॅब एकमेकांना जोडून कापून घेतले नसतील, तर मॉडेल उंची ३.१२५ मीटर धरते. एकूण क्षेत्रफळ १५.६२५, पोकळ्या वगळून ११.८१५ चौरस मीटर आणि बांधकाम २.७२ घनमीटर. चित्रात हे दिसतच नाही, कारण स्लॅबने भिंतीचा माथा झाकलेला असतो.

प्रत्यक्षात चिऱ्याचे बांधकाम ३.०० मीटरवर थांबते. म्हणून १५.०० वजा ३.८१, म्हणजे ११.१९ चौरस मीटर. यातून लिंटेल जायला हवे. दार, खिडकी, झरोका यांवर दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर टेकून १५ सेंटिमीटर उंचीचे काँक्रीट लिंटेल धरले, तर त्यांची लांबी १.३०, १.५० आणि ०.९० मिळून ३.७० मीटर आणि दर्शनी क्षेत्रफळ ०.५५५ चौरस मीटर होते. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये लिंटेल बहुधा नसतेच. असले तरी भिंतीत घुसवलेले असते, त्याने भिंत कापली जात नाही. लिंटेल वगळून उरते १०.६३५ चौरस मीटर, म्हणजे २.४५ घनमीटर. मॉडेलने अकरा टक्के बांधकाम जास्त दाखवले.

ठेकेदार चिरा घनमीटरात घेत नाही, नगावर घेतो. चिऱ्याचा आकार खाणीगणिक थोडा बदलतो. पंधरा बाय नऊ बाय सात इंचांचा, म्हणजे साधारण ३८ बाय २३ बाय १८ सेंटिमीटरचा चिरा आणि एक सेंटिमीटरची दरज धरली, तर एक चिरा भिंतीच्या दर्शनी बाजूची ०.०७४१ चौरस मीटर जागा व्यापतो. खऱ्या भिंतीला १४४ चिरे लागतात, मॉडेलच्या आकड्याने १६०. फूटतूट वेगळी. एका भिंतीवर सोळा चिरे म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, पण घराला अशा वीस-पंचवीस भिंती असतात.

गिलाव्यात चूक नेमकी उलटी होते. आयएस १२०० च्या बाराव्या भागात गिलाव्याच्या वजावटीचा नियम पोकळीच्या आकारावर ठरतो. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या पोकळीची वजावट करायची नाही. अर्ध्याहून मोठ्या आणि तीन चौरस मीटरपर्यंतच्या पोकळीची वजावट एकाच बाजूने करायची. दुसऱ्या बाजूची सोडायची, कारण पोकळीच्या आतल्या कडांनाही गिलावा लागतो आणि तो वेगळा मोजला जात नाही. तीन चौरस मीटरवरच्या पोकळीची वजावट दोन्ही बाजूंनी करून कडा वेगळ्या मोजायच्या. आपल्या भिंतीत झरोका पहिल्या वर्गात, दार आणि खिडकी दुसऱ्या वर्गात. भिंत दोन्ही बाजूंनी गिलाव्याची असेल तर ३०.०० वजा ३.५४, म्हणजे २६.४६ चौरस मीटर गिलावा देय होतो.

मॉडेलला हा नियम ठाऊक नाही. उंची दुरुस्त केल्यावरही ते प्रत्येक बाजूला ११.१९ धरून २२.३८ चौरस मीटर सांगेल. म्हणजे ४.०८ चौरस मीटर, पंधरा टक्क्यांहून अधिक कमी. बांधकाम जास्त आणि गिलावा कमी झाला म्हणून एकूण बेरीज जुळेल असे मानू नये. दोन्हींचे दर वेगळे आहेत, आणि काम सुरू झाल्यावर गिलाव्याचे देयक अंदाजापेक्षा फुगले की मालक आणि ठेकेदार यांच्यात तंटा उभा राहतो.

कोकणातल्या घराला याशिवाय एक बारकावा लागू होतो आणि तो बहुतेक अंदाजपत्रकांत हरवतो. भिंतीच्या एका बाजूला गिलावा आणि दुसरीला दरजा भरलेल्या असतील, तर दुसऱ्या वर्गातल्या पोकळीची वजावट कोणत्या बाजूने करायची? नियम असा की चौकटीपासून भिंतीच्या तोंडापर्यंतची कड ज्या बाजूला कमी रुंद आहे, त्या बाजूने करायची. कडा दोन्हीकडे सारख्या असतील तर निम्मी निम्मी. मालवणला पावसाचा झोत बाहेरून येतो, त्यामुळे खिडकीची चौकट पुष्कळदा आतल्या तोंडाला धरून बसवतात. दारही तसेच बसवले असे धरू. म्हणजे आतली कड कमी आणि पूर्ण वजावट आतल्या गिलाव्यातून. आतला गिलावा १५.०० वजा ३.५४, म्हणजे ११.४६ आणि बाहेरच्या दरजा पूर्ण १५.०० चौरस मीटर. मॉडेलमध्ये चौकट भिंतीच्या मधोमध ठेवली असेल, आणि सवयीने बहुतेक जण तशीच ठेवतात, तर दोन्हीकडे १.७७ वजा होऊन आत १३.२३ आणि बाहेर १३.२३ येईल. म्हणजे चौकट भिंतीत कुठे बसते हा या घरात खर्चाचाच प्रश्न आहे.

कोपऱ्यांचेही पाहायला हवे. `NetSideArea` हे एकाच बाजूचे क्षेत्रफळ असते. आतून ४.०० बाय ३.०० मीटर असलेल्या खोलीचा आतला घेर १४.०० मीटर, पण २३ सेंटिमीटरच्या भिंती धरून बाहेरचा घेर १५.८४ मीटर होतो. तीन मीटर उंचीला दोन्ही बाजूंत साडेपाच चौरस मीटरचा फरक पडतो. म्हणून भिंतीच्या एका आकड्याला दोनाने गुणून गिलावा काढू नये. आतला गिलावा खोल्यांवरून काढावा. मॉडेलमध्ये खोल्या नीट बंदिस्त नोंदलेल्या असतील, तर आयएफसीत खोलीच्या मोजमापांत `GrossWallArea` मिळते आणि त्यावर वरचा वजावटीचा नियम लावता येतो. बाहेरच्या दरजा बाहेरच्या घेरावरून काढाव्यात.

भिंतीबद्दल एवढेच राहिले की दरसूचीत पायातले व जोत्याचे बांधकाम आणि जोत्यावरचे बांधकाम ही वेगळी कलमे आहेत. मॉडेलमध्ये पायापासून स्लॅबपर्यंत एकच सलग भिंत ओढलेली असेल, तर ती जोत्याच्या पातळीवर तोडून घेतल्याशिवाय तिचा आकडा कोणत्याच कलमात बसत नाही. आर्किटेक्टला हे पहिल्या बैठकीतच सांगितले तर मिनिटांचे काम आहे. मॉडेल पुरे झाल्यावर सांगितले तर दोन दिवसांचे.

स्लॅबकडे वळू. सपाट स्लॅबमध्ये मॉडेल चांगले वागते. फक्त तुळईशी त्याचा वाद असतो. आयएस १२०० च्या रीतीने स्लॅब तुळईवरून सलग मोजायचा आणि तुळईची उंची स्लॅबच्या खालपासून धरायची. मॉडेलमध्ये जोडणी उलटी असेल, म्हणजे तुळईने स्लॅब कापला असेल, तर एकूण काँक्रीट तेवढेच राहते, पण स्लॅबचे घनफळ कमी आणि तुळईचे जास्त दिसते. दोन कलमांचे दर वेगळे असल्याने किंमत बदलते. काहीच कापले नसेल तर तो भाग दोनदा मोजला जातो.

त्याहून मोठी दुप्पट मोजणी दोन मॉडेलांमुळे होते. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये फरशीसकट जाडीचा एक स्लॅब असतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या मॉडेलमध्ये त्याच जागी १२५ मिलिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब. दोन्ही फायली एकत्र करून घनफळ काढले तर काँक्रीट जवळजवळ दुप्पट येते. ओळखायची सोपी खूण अशी: सर्व स्लॅबांच्या क्षेत्रफळांची बेरीज प्रत्येक मजल्याच्या बाह्य घेरातील क्षेत्रफळाशी ताडून पाहावी. ती दुपटीजवळ असेल तर कारण शोधत फार लांब जावे लागत नाही. काँक्रीट नेहमी स्ट्रक्चरल मॉडेलमधूनच काढावे आणि आर्किटेक्टचा स्लॅब फक्त फरशीसाठी ठेवावा.

किनाऱ्यावर खरा प्रश्न उतरत्या स्लॅबचा आहे. नकाशावर ६.०० बाय ५.०० मीटर, म्हणजे ३०.०० चौरस मीटर दिसणारा स्लॅब तीस अंशांच्या उताराला असेल, तर त्याचे खरे क्षेत्रफळ ३४.६४ चौरस मीटर होते. १२५ मिलिमीटर जाडीने काँक्रीट ४.३३ घनमीटर. नकाशावरच्या क्षेत्रफळाने काढले तर ३.७५. हाच फरक सेंट्रिंगला, कौलांना आणि वॉटरप्रूफिंगला लागू होतो. उतार मॉडेलमध्ये खरा काढलेला असेल तर हे आकडे बरोबर येतात आणि इथे मॉडेल हाताच्या मोजणीपेक्षा नक्कीच भरवशाचे ठरते, विशेषतः चारही बाजूंना उतार आणि मध्ये पन्हळी असलेल्या छताला. पण जाडी कशी मोजली आहे ते पाहावे. १२५ मिलिमीटर उभे मोजले असतील, तर तीस अंशांच्या उताराला काटकोनात जाडी १०८ मिलिमीटरच भरते. मॉडेलने दिलेल्या घनफळाला उताराच्या खऱ्या क्षेत्रफळाने भागावे. उत्तर ०.१२५ आले पाहिजे. ०.१०८ आले तर काँक्रीट कमी धरले गेले आहे आणि नकाशात काहीतरी चुकले आहे.

उतरत्या स्लॅबखालची तिकोनी भिंतही यात येते. ती आयताकृती ओढून छताखाली दडवलेली असेल, तर तिचे अर्धे क्षेत्रफळ स्लॅबच्या वर कुठेतरी अधांतरी मोजले जाते. भिंतींना छताशी जोडून घेणे हा त्यावरचा उपाय.

दारांच्या बाबतीत मॉडेल नग बरोबर मोजते. दारांची यादी हा त्याचा सर्वांत विश्वासार्ह भाग आहे असे मी म्हणेन. पण दाराची किंमत नगावर ठरत नाही. चौकटीचे लाकूड घनमीटरात, पल्ला चौरस मीटरात आणि बिजागऱ्या, कड्या, आडणे नगात मोजले जातात. मॉडेल मात्र एकच रुंदी आणि उंची सांगते आणि ती पोकळीची आहे, चौकटीच्या बाहेरची आहे की पल्ल्याची, हे ते दार बनवणाऱ्याने कसे बनवले यावर अवलंबून असते.

आपल्याच दाराचे पाहू. पोकळी १.०० बाय २.१० मीटर. चौकट १०० बाय ६५ मिलिमीटरच्या लाकडाची, खाली उंबरा नाही. लाकडाची लांबी दोन उभे २.१० आणि वरचा आडवा १.०० मिळून ५.२० मीटर, घनफळ ०.०३४ घनमीटर. उभे फरशीत गाडायचे असतील तर तेवढी लांबी वाढेल. पल्ला चौकटीच्या आत, पण खाचेत सुमारे साडेबारा मिलिमीटर शिरलेला. म्हणून त्याची रुंदी ०.८९५ आणि उंची २.०४७५ मीटर, क्षेत्रफळ १.८३ चौरस मीटर. मॉडेलमधले २.१० चौरस मीटर सरळ पल्ल्याच्या दराने गुणले, तर सागवानी दारामागे ०.२७ चौरस मीटरचे पैसे फुकट धरले जातात. यावर उपाय असा की प्रत्येक दारप्रकाराला, जसे डी१ किंवा डी२, एकदाच हाताने चौकटीचे लाकूड, पल्ल्याचे क्षेत्रफळ आणि लोखंडी-पितळी सामान यांचे एका नगाचे कोष्टक बनवायचे आणि मॉडेलकडून फक्त नग घ्यायचे. खाऱ्या हवेत साध्या लोखंडी बिजागऱ्या टिकत नाहीत, म्हणून स्टेनलेस स्टील किंवा पितळ हे याच कोष्टकात लिहून ठेवावे. मॉडेलमध्ये ते कुठेच येणार नाही.

सगळ्या आकड्यांच्या शेवटी एककांचा प्रश्न येतो. सरकारी दरसूची चौरस आणि घनमीटरात आहे, गावातला ठेकेदार ब्रासमध्ये बोलतो. घनमापाचा ब्रास शंभर घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटर. गिलाव्याचा ब्रास शंभर चौरस फुटांचा. आपल्या भिंतीचा २६.४६ चौरस मीटर गिलावा म्हणजे २८५ चौरस फूट, २.८५ ब्रास. एक्सेलमध्ये या दोन ब्रासांचे रकाने वेगळ्या नावांनी ठेवावेत.

आणि तपासणाऱ्याचा विचार करायला हवा. सार्वजनिक बांधकाम विभागात अंदाजपत्रकाच्या मोजमाप पत्रकात नग, लांबी, रुंदी, उंची आणि परिमाण असे रकाने असतात. काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तकातही तीच मांडणी चालते. मॉडेलमधून आलेला '२.४५ घनमीटर' एवढाच आकडा तपासणारा अभियंता मान्य करू शकत नाही, कारण तो कोणत्या भिंतीचा आणि त्यातून काय वजा केले हे त्याला दिसत नाही. म्हणून मी मॉडेलमधून बेरीज घेत नाही. प्रत्येक भिंतीची लांबी, जाडी, उंची आणि प्रत्येक पोकळीची रुंदी-उंची वेगळ्या ओळीत घेतो, वजावटीचे नियम पत्रकातच सूत्राने लावतो आणि ओळीशेजारी त्या घटकाचा `GlobalId` ठेवतो. मोजमाप नियमाप्रमाणे कुठे बदलले हे मग शोधावे लागत नाही, आणि आर्किटेक्टने खिडकी हलवली तर त्याच ओळखीची ओळ बदलून पत्रक पुन्हा तयार होते.